ताईने अर्धा खाल्लेला रोट

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, लुगडं लावून तिला पाटावर बसवायचं आणि घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचे. त्या गव्हाचे रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, फक्त भाऊबंदांच्या घरातल्यांनी खायचे. बाहेरच्या माणसाला घास नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा उंबऱ्याबाहेर टाकायचं नाही. आणि लग्न झालेली लेक बाहेरचीच.

मी तेव्हा धुळ्यात अकरावीला होते, आणि माझी जीभ चुरूचुरू चालायची. माझी थोरली बहीण, गेल्या दिवाळीनंतर जळगावला दिलेली, पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. आठवा महिना होता. रविवारी गहू काढताना मी आबांना विचारलं, "ताई बाहेरची कधी झाली? गेल्या वर्षी तर तिनेच रोट लाटले." आबा म्हणजे वडिलांचे काका, भाऊबंदांत सगळ्यांत थोर, पूजेचा मान त्यांचा. आई माझ्यावर डोळे वटारून बसली. आबा मात्र मूठ तशीच धरून म्हणाले, "इचारं ते बरं करं. जरा इचार करू दे माले."

सोमवारी सकाळी कानबाई पांझरा नदीत शिरवून, विसर्जन करून सगळे परतले. पंगत बसली तेव्हा ताईला वेगळी साधी पोळी वाढली. मला राग आला, मी रोटाला हातच लावला नाही. दुपारी सगळे लवंडले, तर ताई स्वयंपाकघरात डब्यापाशी बसलेली. हातात रोट, अर्धा खाल्लेला. "माझ्याच घरचा आहे ना गं," म्हणाली आणि हसली. मीही हसले.

ताटलीत उरलेला अर्धा रोट ठेवून ती उठली आणि तिथेच खाली बसली. लुगड्यावर रक्त होतं.

मग आईने किंचाळून आबांना हाक मारली. आबा आत आले. त्यांनी ताईकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, आणि शेजाऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. रोटाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दवाखान्यात ताईला आत नेलं, आई तिच्यासोबत गेली. बाहेर बाकावर मी आणि आबा. कालपर्यंत मी सगळ्यांना शहाणपण शिकवत होते, आणि आता मनात कानबाईला हात जोडत होते. भीतीने माणूस किती लवकर फिरतो, ते त्या बाकावर मला कळलं. शेवटी विचारलंच, "आबा, रोट खाल्ला म्हणून झालं का हे?"

आबा सावकाश, माझ्या कॉलेजातल्या भाषेत म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळाची वार खाली सरकली होती, म्हणून रक्त गेलं. त्या शिकलेल्या आहेत, मी त्यांचं ऐकतो. पण तू काल विचारलंस त्याचं उत्तर देतो. वर्षभर भाऊ भावाशी बोलत नाही, बांधावरून कुऱ्हाडी काढतात. त्यांनी एक दिवस तरी एका पंगतीत बसावं, म्हणून रोट घरातच संपवायचे. एवढं मला पटतं. लेकीला रोट का द्यायचा नाही, ते मला कधी कुणी सांगितलं नाही. माझी बहीण ओट्यावर तोंड फिरवून बसायची. मी आत बसून खायचो. मला विचारायचं सुचलं नाही, तुला सुचलं."

असं म्हणून त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. आत ताईचा उरलेला अर्धा रोट होता. तिच्या दातांच्या खुणा दिसत होत्या.

"आबा, नका," मी म्हणाले. आता मीच भ्याले होते.

"आपला रोट टाकून देता येत नाही, संपवावा लागतो," ते म्हणाले. "आणि कोपायचं असलं तर कानबाईने एकट्या पोरीवर का कोपावं?" त्यांनी तुकडा मोडला. चुरा धोतरावर सांडला. तो वेचून त्यांनी तोंडात टाकला. लेकीचं उष्टं, आमच्यात सगळ्यांत थोर माणसाने, दवाखान्याच्या बाकावर.

दिवेलागणीला नर्स आली. पोट फाडावं लागलं होतं. मुलगी झाली होती, अगदी बारीक, पण रडत होती. ताई शुद्धीवर येत होती.

मी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले. आबा उपरणं झटकत राहिले, त्यावर काहीच उरलं नव्हतं तरी.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आबा, खाताना भीती नाही वाटली तुम्हाला?"

"आजून वाटस," आबा म्हणाले.