डाव्या हाताचा घास

फोटो आत्याने पाठवला. आत्या तंजावरला राहते आणि आमच्या नात्यातलं जे काही तिच्या फोनवर येतं ते सगळ्यांना वाटत सुटते. फोटोत माझा धाकटा भाऊ अम्माला दहीभात भरवत होता. खाली त्याचेच शब्द: ‘दोन दिवस कुंभकोणमला जाऊन आलो. अम्मा माझ्या हातूनच जेवते.’ पुढे नात्यातल्या बायकांनी टाकलेली हात जोडल्याची, डोळे पुसल्याची चित्रं. श्रावणबाळ काय, पुण्यवान माउली काय, विचारू नका!

भाऊ बेंगळूरला असतो. दीड वर्षात त्याने कुंभकोणमच्या आमच्या या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत अम्मा स्वतःचा फोन हातात धरून स्वयंपाकघरातून आली. आत्याने तिलाही पाठवला होता.

“हा कधी आला होता गे?” तिचा आवाज बारीक झाला होता. “मला कसं आठवत नाही?”

महिन्यापूर्वी तिने दूध गॅसवर ठेवलं आणि विसरून देवळात गेली. तेव्हापासून तिला एकच धास्ती, आपलं डोकं जायला लागलंय. पुढच्याच आठवड्यात त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं होतं. आणि आता हा फोटो.

“अम्मा, तो आला नाही. फोटो जुना आहे.”

“फोनमध्ये तर आजची तारीख दाखवतंय.”

“ती तुझ्या फोनवर उतरल्याची तारीख. पाठवलेल्या फोटोबरोबर मूळ तारीख येत नाही.”

तिला ते पटेना. चष्मा लावून तिने फोटो मोठा केला, आणि बघता बघता तिची मान ताठ झाली. “हा मला डाव्या हाताने भरवतोय? माझ्या पोटचं पोर आईला डाव्या हाताने घास देईल?” मग म्हणाली, “आणि माझा पदर उजव्या खांद्यावर कसा गे?”

शाबास अम्मा! माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. फोटो कापायची सोय असते तिथेच तो आरशातल्यासारखा उलटवायची खूण असते. ती दाबली, आणि घास उजव्या हातात आला, पदर डाव्या खांद्यावर. कडेला अर्धवट कापलेलं माझं टेबल सरळ झालं तेव्हा मला सगळं आठवलं. हा फोटो मीच काढला होता! चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. मीच त्याला पाठवला होता. शहाण्याने कडा कापल्या, उजळवला, उलटवला, म्हणजे मला ओळखू येऊ नये.

माझ्या फोनमध्ये मूळ फोटो होता. त्यात भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर, त्या दिवसाच्या तारखेसह. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. “बघ, तुझं डोकं ठणठणीत आहे. तू माझ्याआधी ओळखलंस!”

मला वाटलं ती हसेल. ती खुर्चीवर बसली. “हे कोणाला पाठवू नको,” एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, दुधाशिवाय अलीकडे आणखी काही विसरलात का? अम्मा शांतपणे म्हणाली, “मागच्या आठवड्यात मुलगा आला होता. दोन दिवस राहिला, मला भरवलं. मला काहीच आठवत नाही.”

मी पर्समधून फोन काढला. टेबलाखाली तिने माझं मनगट असं आवळलं, की मी तो परत आत ठेवला. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि मला बजावलं, तोवर यांना गॅसपाशी एकटं सोडू नका, बाहेर एकटं पाठवू नका.

रिक्षात मी भडकले. “वेड लागलंय का तुला? कशाला खोटं बोललीस? उद्यापासून तुझी पहाटेची कॉफी बंद, देऊळ बंद!”

“माझं डोकं गेलं तर लोक म्हणतील, वय झालं,” ती म्हणाली. “तो आलाच नाही म्हटलं तर काय म्हणतील गे?”

माझ्यापाशी उत्तर होतं. जहाल होतं. पण रिक्षावाल्यासमोर आईशी किती भांडायचं?

संध्याकाळी अम्मानेच आत्याला फोन करून डॉक्टरांना सांगितलं होतं तेच सांगितलं. तासाभरात आत्याचा मजकूर सगळ्यांकडे पोचला: ‘बिचारा एवढ्या लांबून येऊन गेला, आणि वहिनीला आठवतसुद्धा नाही.’ त्याखाली भावाने लिहिलं, ‘अक्का, अम्माला एकटं सोडत जाऊ नकोस.’

अम्माने तो निरोप मला मोठ्याने वाचून दाखवला. मग म्हणाली, “बघ, किती काळजी आहे त्याला.”