कोऱ्या लोखंडावरचा रंग

आमच्या कारखान्यात कोरी म्हणून एक वस्तू राहत नाही. स्टूल, कचऱ्याचा डबा, पंख्याची जाळी, सायकल स्टँड, सगळं एकाच करड्या रंगाचं. हा रंग म्हणजे जस्ताचा प्रायमर. तो एकदा कालवला की परत डब्यात घालता येत नाही, काही तासांत दगड होतो. आणि आमचा रंगारी, ज्याला आम्ही सगळे उस्ताद म्हणतो, त्याला रंग फेकायचा म्हटलं की जिवावर येतं. काम संपल्यावर रंग फवारायच्या बंदुकीत जे उरेल ते तो समोर दिसेल त्या वस्तूवर मारतो. खरं तर हा रंग गुळगुळीत पत्र्यावर धरतच नाही, त्यामुळे स्टुलावरून उठलेल्या माणसाच्या पँटला मागून करडी पूड लागलेली असते. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात आमची माणसं त्यावरून लांबून ओळखू येतात.

मी मिरजेची. नवऱ्याला आयटी पार्कमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आले, आणि घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा या कारखान्यात क्वालिटीचं काम धरलं. लोखंडी तुळया येतात, त्यांच्यावर ग्रिटचा, म्हणजे लोखंडाच्या खरखरीत बारीक कणांचा, मारा करून गंज उडवतात, मग उस्ताद रंग मारतो आणि वाळला की मी त्याची जाडी मोजते. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

जाडी मोजायचं मीटर मुठीत मावेल एवढं असतं. त्याचं टोक रंगावर टेकवलं की खालचं लोखंड किती लांब आहे ते चुंबकाच्या जोरावर ओळखतं आणि तो आकडा मायक्रॉनमध्ये दाखवतं. पण लोखंड कुठून सुरू होतं, हे त्याला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी कोऱ्या लोखंडावर ठेवून शून्य करायचं, मग त्याच लोखंडावर जाडी ठाऊक असलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी ठेवून आकडा जुळतो का ते बघायचं. या पट्टीला फॉइल म्हणतात. प्रत्येक फॉइलवर तिची जाडी छापलेली असते, सोबत प्रमाणपत्र असतं. गोम एवढीच, की शिकवायला लोखंड तसलंच हवं. ग्रिटचा मार खाल्लेलं लोखंड खडबडीत असतं, त्याला उंचवटे आणि खड्डे असतात. मीटरच्या मते लोखंड उंचवट्यांच्या टोकापासून नाही, जरा खालून सुरू होतं. म्हणून मी आमच्याच ग्रिटनं ब्लास्ट केलेली एक कोरी प्लेट गंज न धरणाऱ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली होती. माझ्या मीटरचा सगळा शहाणपणा त्या प्लेटवर उभा होता.

त्या आठवड्यात पादचारी पुलाच्या तुळयांचं काम होतं. प्रायमर साठ ते नव्वद मायक्रॉनच्या मध्ये हवा होता, कारण हा रंग जाड झाला तर वाळताना तळ्यातल्या चिखलासारखा तडकतो. आमचे मालक सरदारजी, माणूस दिलदार, पण तोंडाला लगाम नाही. मागच्या कामात उस्तादचा हात जड पडला होता आणि अख्खा लॉट पुन्हा ब्लास्ट करावा लागला होता. तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "उस्ताद, अगली बार मोटा हुआ ना, तो सीधा गेट के बाहर." ते बोललेलं करतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. उस्ताद या वेळी इतका जपून रंगवत होता, की मला त्याची दया येत होती. शनिवारी मी प्लेटवर फॉइल ठेवून मीटर जुळवून घेतलं आणि सगळ्या तुळया मोजल्या. ऐंशीच्या आसपास, छान. उस्तादला सांगितलं, तर तो आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटला.

सोमवारी गिऱ्हाइकाकडून इन्स्पेक्टर आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, मिशी अशी की तिला वेगळा पगार मिळत असावा. माझं आडनाव ऐकून थांबले. "कुठल्या तुम्ही?" मी मिरज म्हटल्यावर एकदम 'तुम्ही'चं 'तू' झालं. "अगं, मी साताऱ्याचा! म्हणजे घरचंच माणूस की!" मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा संपेपर्यंत टिकलं.

त्यांनी आपली पेटी उघडली. आत मीटर, फॉइलचा संच आणि आरशासारखी चकचकीत लोखंडी चकती. त्यांनी चकतीवर मीटर शून्य केलं, त्याच चकतीवर फॉइल ठेवून तपासलं, आकडा चोख आला. मग तुळयांकडे वळले. एकशे चार. एकशे सात. एकशे दोन. दर आकड्याला उस्तादचा चेहरा उतरत गेला. मालकांनी उस्तादकडे बघितलं आणि नुसतं गेटकडे बोट केलं.

"सर, तुमचं शून्य गुळगुळीत चकतीवर आहे," मी म्हटलं. "हे लोखंड खडबडीत आहे. मीटर जास्त दाखवणारच."

"तीस वर्षं मी विमानं मोजलीत," ते म्हणाले.

"विमानाचे लोखंडी भाग गुळगुळीत असतात. तिथं तुमचं बरोबरच होतं."

"बाळ, नाचता येईना, अंगण वाकडं."

माझं टाळकं सटकलं. 'सर' गळून पडलं. "काका, अंगण खरंच वाकडं आहे! आम्ही ग्रिट मारून मुद्दाम वाकडं केलंय, रंग धरावा म्हणून!"

"मग तू कशावर शून्य केलंस, ते दाखव."

मी तडक कपाटाकडे गेले, कागद उलगडला आणि प्लेट काढून त्यांच्यासमोर धरली. काका बघत राहिले. मीही बघत राहिले. प्लेट करडी होती. दोन्ही बाजूंनी, कडांसकट, एकसारखी, इतकी सुंदर रंगवलेली की नमुना म्हणून प्रदर्शनात ठेवावी.

"यावर शून्य केलंस?" काकांनी विचारलं.

मी उस्तादकडे वळले. शनिवारी मी निघाल्यावर त्याच्या बंदुकीत दुसऱ्या कामाचा थोडा रंग उरला होता. कपाट उघडं होतं. "नंगी पड़ी थी, मैडम," तो म्हणाला. "जंग लग जाती. बाद में कागज़ भी वापस लपेट दिया." ज्या एका वस्तूनं त्याची नोकरी वाचली असती, ती त्यानं स्वतःच्या हातानं, इतक्या आपुलकीनं रंगवली होती. मला हसावं की त्याचा गळा धरावा कळेना. मी दोन्ही केलं नाही, कारण आता मला रडू यायला लागलं होतं.

मग आमचं जुंपलं. काका साताऱ्याच्या आवाजात, मी मिरजेच्या. बाकी सगळी माणसं काम सोडून बघत उभी. मालकांना मराठीचं अक्षर कळत नाही, पण संशय चांगला कळतो. "ओ मैडम जी, ये मराठी में क्या सेटिंग चल रही है?"

"सेटिंग नहीं, झगड़ा चल रहा है!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

तेवढ्यात मला तुळईचं टोक दिसलं. साइटवर जिथं दुसरी तुळई बोल्टनं जोडायची, ती जागा रंगवायची नसते. म्हणून ब्लास्टिंगनंतर तिथं कागद लावून चारी कडांना टेप मारलेला होता. उस्तादच्या हातून सुटलेलं सगळ्या कारखान्यातलं तेवढंच एक कोरं लोखंड, आणि तेही झाकलेलं म्हणून. मी कागद टराटरा फाडला. खाली रुपेरी, खरखरीत, ताजं लोखंड.

"काका, याच्यावर रंग आहे?"

"नाही."

"मोजा. तुमच्या मीटरनं."

त्यांनी मधोमध मीटर टेकवलं. तेवीस. शेजारी टेकवलं. अठ्ठावीस. पुन्हा टेकवलं. पंचवीस. मालक खांद्यावरून डोकावत होते. "ओए, इधर पेंट किसने मारा?" त्यांनी डरकाळी फोडली, आणि सगळ्यांच्या माना सवयीनं उस्तादकडे वळल्या. बिचाऱ्यानं दोन्ही कान पकडले. "कसम से, सरदारजी, इसको मैंने छुआ भी नहीं!"

मला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला, की प्लेटचा राग अर्धा निवळला.

काका मात्र लेचेपेचे नव्हते. "खडबडीत कोऱ्या जागेवर आकडा उड्या मारतोच. हा पुरावा नाही," ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं, म्हणून मला आणखी राग आला.

"मग तुमच्याच फॉइल लावा. माझ्या नकोत."

त्यांनी चकतीवर तपासलेली मघाचीच, शहात्तर मायक्रॉनची फॉइल घेतली, त्या खरखरीत जागेवर ठेवली, सुरकुती राहू नये म्हणून बोटांनी ताणून धरली आणि मीटर सरळ टेकवलं. एकशे एक. जरा सरकवून, एकशे तीन. पुन्हा, नव्व्याण्णव. प्रमाणपत्र असलेली त्यांची स्वतःची पट्टी, चकतीवर शहात्तर आणि इथं शंभर. काकांनी फॉइल उजेडात धरली, तिच्यावरचा आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मिशी हलली नाही. मग हळूच म्हणाले, "अंगण वाकडं आहे गं."

पुढचं त्यांनी स्वतः केलं आणि फार सुरेख केलं. त्या खडबडीत जागेवर एक पातळ आणि एक जाड फॉइल घेतली, म्हणजे आमची जाडी दोन्हींच्या मध्ये पडेल, आणि प्रत्येकीवर बऱ्याच वेळा मोजून, सरासरी काढून मीटर जुळवलं. शहात्तरवाली ठेवून ताळा पाहिला. मग सगळ्या तुळया परत मोजल्या. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी. एका कोपऱ्यात आकडा नव्वदला टेकला, तिथं त्यांनी उस्तादकडे डोळे वटारून पाहिलं आणि पुढं गेले. लॉट पास झाला. मालकांनी उस्तादच्या पाठीत अशी थाप मारली की तो खोकतच राहिला. काका निघताना मला म्हणाले, "भांडतेस छान. घरी ये, तुझ्या काकूशी गाठ घालून देतो. तिला जोडीदार हवाच आहे."

मी नवीन प्लेट ब्लास्ट करून घेतली आणि ती ठेवायला पत्र्याचा डबा आणला. उस्तादला समोर उभं करून काकांच्या विमानांची भानगड हिंदीत सांगितली आणि बजावलं, "इसको हाथ नहीं लगाना." तो म्हणाला, "पक्का, मैडम."

दोन दिवसांनी पाहते तर डबा करडा. झाकणावर ब्रशनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'अंदर वाली को रंगना मना है', आणि झाकणाची फट रंगानं अशी बुजलेली की ते उघडेना. उस्ताद शेजारी उभा राहून अभिमानानं बघत होता. मी स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटलं. आत प्लेट कोरीच्या कोरी. त्यानं खरंच सोडली होती.

मला खट्याळपणा सुचला. डब्याच्या आतल्या गुळगुळीत पत्र्यावर मीटर शून्य केलं आणि मुकाट्यानं प्लेटवर टेकवून आकडा उस्तादपुढं धरला. सव्वीस. त्याचे हात कानांकडे निघाले. अर्ध्यावर थांबले. त्यानं प्लेटवरून अंगठा फिरवला, मग डब्याच्या पत्र्यावरून फिरवला, आणि पोट धरून हसायला लागला.

"मैडम, आज आपका मीटर भी विमान नाप रहा है!"