ती एक चूक कोणती, हे नागवेणीनं आधीच सांगून टाकलं

नागवेणी, तुला पत्र लिहायचं म्हणजे सावध राहावं लागतं. पहिल्या ओळीत जरा गोड बोललं की तू म्हणणार, हिला काहीतरी हवंय. मला काही नकोय. तुझी एक गोष्ट लोकांना सांगायची आहे. तुला उद्देशून सांगितली तर वाक्यावाक्याला 'हे कुणी सांगितलं' म्हणून अडवशील. म्हणून पुढं तुला 'ती' म्हणते. गप्प ऐक.

शिरसीच्या एका साप्ताहिकात नागवेणी हेगडेनं एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. नोकरी सुटली, पण संशय सुटला नाही. दुकानदारानं हसून नमस्कार केला तर ती तराजूकडं बघायची. लग्नपत्रिकेवरची तारीखसुद्धा पंचांगात ताडून घ्यायची. गावातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौऱ्याऐंशी जणी होत्या आणि त्यात कुणी काही पाठवलं की नागवेणीचा प्रश्न ठरलेला: "उघडून वाचलंस का?" बायका तिला मागून फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही.

माघातली गोष्ट. सुपारीच्या बागांना अंथरायला सुकी पानं लागतात, आणि ती गोळा करायला बायका बेट्ट्यावर, म्हणजे मागच्या जंगलात जातात. त्याच दिवसांत मंगनज्वराची, म्हणजे माकडतापाचीही भीती असते. माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात पसरतात आणि माणसाला चावतात. म्हणून आरोग्य केंद्र गोचिडी दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल वाटतं.

एके सकाळी शरावतीअक्कानं ग्रुपवर एक बातमी टाकली. शीर्षक असं: 'मलनाडात हाहाकार!! माकडांच्या मृत्यूचं सत्य कोण लपवतंय? बेट्ट्यावर जाणाऱ्यांनो, ही एक चूक जीव घेईल!'

तासाभरात चाळीस जणींनी ते पुढं पाठवलं. नागवेणी धणे-जिऱ्याचं कषाय पीत बघत बसली. तिला आधी खटकलं ते 'कोण लपवतंय'. ज्याला माहीत असतं तो नाव घेतो. नाव नाही, नुसता प्रश्न आहे, म्हणजे आत उत्तर नसणार. मग खटकली 'ही एक चूक'. कोणती ते सांगायचं नाही, माणसाला दाराशी उभं करून आत बोलवायचं, ही जुनी खोड. छायाचित्रातलं माकड तर इथलं नव्हतंच, त्याचं तोंड लाल होतं.

तिनं सवयीनं शेवटचा परिच्छेद आधी वाचला, मग वर चढत गेली. लपवण्याबद्दल आत एक अक्षर नव्हतं. शेजारच्या गावात दोन माकडं मेलेली सापडली, नमुने तपासायला पाठवलेत, निकाल यायचाय. आणि सहाव्या परिच्छेदात ती चूक: तेल न लावता पाचोळ्यात बसणं.

तेवढ्यात कुंपणापलीकडं गिरिजा दिसली. तेलाची बाटली घेऊन गोठ्याकडं निघाली होती.

"ते कुठं नेतेस?" नागवेणीनं विचारलं.

"म्हशीला लावते. फुकट का घालवू?"

"आणि तू? उद्या बेट्ट्यावर जाणार आहेस ना?"

"जाणार की. सून पण येतेय. पण ते तेल नको बाई. तीच तर चूक आहे, ग्रुपवर आलंय."

"कुठं आलंय?"

"शरावतीअक्काच्या बातमीखाली लिहिलंय कुणीतरी. सरकारी तेलानंच ताप येतो, तेच लपवतायत म्हणे."

"बातमी उघडलीस?"

"उघडायचं काय त्यात? वरती मोठ्या अक्षरात आहे की."

नागवेणीला गिरिजाचा राग आला नाही, हे विशेष. तिला राग आला रिकाम्या जागेचा. शीर्षक लिहिणाऱ्यानं जागा मोकळी सोडली आणि गावानं तिथं आपल्या मनातली भीती भरली.

"तेल म्हशीला लावू नकोस, बाटली ठेव," ती म्हणाली. "न लावण्याला चूक म्हटलंय आत."

"तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते, नागवेणीअक्का. मागं माझ्या भावाच्या स्थळातही दिसली होती."

"आणि निघाली का नाही?"

गिरिजा बाटलीसकट गोठ्याकडं वळली. एकीला सांगून भागणार नव्हतं. सकाळी तिच्यासारख्या वीसजणी निघणार होत्या.

नागवेणीचा बातमीवरही विश्वास नव्हता. तिनं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना फोन लावला. दोन माकडं खरी, निकाल बाकी हेही खरं, तेलाचं खरं. "पण अक्का, तुम्ही आम्हालाच का तपासताय?" सिस्टर वैतागल्या. "सगळ्यांनाच तपासते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं ग्रुपवर लिहिलं: 'मंगनज्वरासंबंधी आरोग्य विभागाचे आवाहन: नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी.' खाली त्याच बातमीचा दुवा.

तीन जोडलेले हात आले. उघडली कुणीच नाही. शरावतीअक्कानं लिहिलं, "छान माहिती." नागवेणीनं तिला सरळ फोन करून विचारलं, "काय माहिती मिळाली सांग." ती म्हणाली, "हेच की, दक्षता घ्यायची."

खोटं नव्हतं त्यात काही. पण ते कुणासाठीच नव्हतं. 'नागरिक' म्हटलं की गिरिजा मागं वळून बघणार, कोण नागरिक आलाय. 'योग्य ती दक्षता' म्हणजे पुन्हा मोकळी जागाच, फक्त इस्त्री केलेली. एक क्षण तिच्या बोटांनी 'सावधान' लिहून पुढं दोन उद्गारचिन्हं टाकली. लोक धावत आले असते. तिनं ती पुसली. आज ओरडून बोलावलं तर उद्या आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, आणि ठेवू नये हेच बरं.

बेट्ट्यावर जाणारीला काय जाणून घ्यायचंय? एवढंच धरून तिनं लिहिलं:

'पानं गोळा करायला निघण्याआधी तेल कुठं कुठं लावायचं? शेजारच्या गावात दोन माकडं मेली आहेत, तपासणीचा निकाल अजून यायचाय.'

मग एकेक शब्द बातमीशी ताडला. तेल कुठं लावायचं ते आत आहे का? आहे: हात, मान, पाय घोट्यापर्यंत. दोन माकडं, हो. निकाल यायचाय, हो. प्रश्नचिन्हाबद्दल तिनं स्वतःवरही संशय घेतला. पण हा प्रश्न विचारल्यावर आत उत्तर मिळत होतं, म्हणून राहू दिला. दुवा चिकटवल्यावर जुनं 'हाहाकार' चित्रासकट आपोआप वर येत होतं. ते फुलीवर दाबून काढलं. शेवटी एक ओळ जोडली: 'उघडल्यावर वर भडक शीर्षक दिसेल, ते सोडा. सहावा परिच्छेद वाचा.'

या वेळी जोडलेले हात आले नाहीत. प्रश्न आले. कानामागं लावायचं का? लहान पोरांना चालतं का? परत आल्यावर आंघोळ गरम पाण्यानं का? नागवेणीनं एकाचंही उत्तर मनानं दिलं नाही. सिस्टरना ग्रुपमध्ये घेतलं आणि त्यांच्याकडून वदवलं. मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, दिसलं तर कळवायचं, हेही त्यांनीच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गिरिजा आणि तिची सून कुंपणाजवळून गेल्या. नागवेणी दारात उभी होती.

"हात दाखव," ती म्हणाली.

"लावलंय हो."

"दाखव."

गिरिजानं कोपरापर्यंत पदर सारला. हात चकाकत होता. नागवेणीनं वास घेऊन बघितला. सून तोंडाला पदर लावून हसली.

"मान?"

"मान पण. आता पायही बघा, म्हणजे देवदर्शन पूर्ण होईल तुमचं."

तिनं पायही बघितले.

त्या दिवशी बेट्ट्यावर गेलेल्यांतली कुणी तापानं पडली नाही. तेलामुळं की नशिबानं, हे नागवेणी सांगत नाही. तिच्याकडं पुरावा नाही.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, नागवेणी. त्याच आठवड्यात तू मला म्हणालीस, आपण दोघी शिरसीला त्या बातमीवाल्यांच्या कचेरीत जाऊ, त्यांचं आणि तुझं अशी दोन्ही शीर्षकं कागदावर शेजारी-शेजारी लिहून नेऊ आणि त्यांना बदलायला लावू. बुधवार ठरला. बुधवारी माझ्याकडं पाहुणे आले, पुढच्या बुधवारी तुझा गुडघा धरला, त्यानंतर तुला वाटलं की ते लोक आपल्याला चहा पाजून वाटेला लावतील. मी काल उघडून बघितलं. 'हाहाकार' अजून तिथंच आहे, लाल तोंडाच्या माकडासकट.