करंजाच्या धक्क्यावर आडवी पडलेली गाडी

रेवसहून करंजाला जाणाऱ्या लाँचवर त्या दिवशी दोन मोटारसायकली होत्या. एक माझी, दुसरी माझ्या जुन्या भागीदाराची. दोन्ही विकायच्या, आणि गिऱ्हाईक एकच.

हा माणूस सहा वर्षं माझ्यासोबत होता. लोकांच्या गाड्या धुण्यापासून सुरुवात करून मी जुन्या गाड्यांचं दुकान उभं केलं, धंदा त्याला शिकवला. मग त्याने समोरच दुकान काढलं आणि अलिबागपर्यंत सांगत सुटला, "त्याच्या गाड्या खारा वारा लागला की बंद पडतात." हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे उरणकडच्या एक आरोग्यसेविका. गावोगाव फिरायचं काम. मागच्या वर्षी स्टँड खाली राहिला असताना गाडी दामटली, वळणावर स्टँड रस्त्याला टेकला आणि त्या आपटल्या. हात मोडला होता. "दोन्ही गाड्या धक्क्यावर आणा, जी पटेल ती आजच घेते," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. म्हणजे जे व्हायचं ते सगळ्या लाँचसमोर होणार होतं.

ओहोटी होती. लाँच खाली आणि धक्का वर, मधे ओली फळी. मी इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच सोडत गाडी चालत वर घेत होतो. फळी संपली, चाक धक्क्यावर आलं, तेवढ्यात शेवाळावरून माझा पाय सटकला आणि गाडी धप्पकन आडवी झाली. इंजिन बंद. समोर लाल दिवा.

चौघांनी धरून ती उभी केली. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"मेली वाटतं, शेठ!" मागून भागीदार ओरडला. "खारा वारा लागला का?"

लाँचभर हशा पिकला. माझं डोकं सणकलं. एक हात त्याच्या गचांडीकडे निघालाही होता. आरोग्यसेविका मात्र शांतपणे म्हणाल्या, "दादा, मारामारी नंतर करा. गाडी चालू होतीय का न्हाय ते सांगा."

मग मी दिव्याकडे नीट बघितलं. अरे, हा तर पडल्याचा दिवा! गाडी आडवी झाली की आतला सेन्सर पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतो, आणि चावी बंद करून पुन्हा लावेपर्यंत सोडत नाही. मी चावी फिरवली, पुन्हा लावली. पंपाचा बारीक आवाज आला. दाबलं बटण. तरीही काही नाही!

"हं, आता नारळ फोडा," भागीदार म्हणाला.

खाली नजर गेली. उचलताना कुणाच्या तरी पायाने स्टँड खाली आला होता, आणि गाडी अजून पहिल्या गिअरमध्येच. मी लाथेने स्टँड वर मारला, क्लच घट्ट दाबला, बटण. घुर्रर्र! लाल दिवा विझला.

"म्हणजे बिघडली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"पडल्यावर बंद पडणं हेच तिचं काम, ताई. आणि स्टँड खाली असला तर गिअर टाकताक्षणी बंद पडते. बघा." न्यूट्रलमध्ये चालू ठेवून मी स्टँड खाली केला, क्लच दाबून पहिला टाकला. इंजिन तिथेच गप्प.

आरोग्यसेविका भागीदाराकडे वळल्या. "आता तुमची दाखवा."

"माझी चालूच राहते, ताई. बंद पडायचं नावच घेत नाही."

"तेच बघायचंय."

आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने स्टँडचा स्विच कुजतो. नवीन बसवायच्या ऐवजी पुष्कळजण दोन वायरी एकत्र पिळून मोकळे होतात. मग गाडीला वाटतं स्टँड कायम वरच आहे. हे सगळ्यांना माहीत असतं, गिऱ्हाइकाला सोडून. त्याने नाइलाजाने आपली गाडी धक्क्यावर चढवली, स्टँड खाली करून पहिला टाकला. इंजिन मजेत घुरघुरत राहिलं. क्लच जरा सोडला तर गाडी स्टँडसकट पुढे सरकली.

आरोग्यसेविकांनी नकळत आपला मोडून बसलेला हात चोळला. "अशाच गाडीने मला पाडलं हाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या गाडीची चावी मागितली. भाव पाडायचा प्रयत्न मात्र त्यांनी चहा संपेपर्यंत केला. मीही सोडलं नाही. भलत्याच चिवट बाई! मजा आली.

गाडी घेऊन त्या भर्रकन चढावरून निघून गेल्या. परतीच्या लाँचवर मी गाडीशिवाय, मोकळ्या हाताने चढलो. भागीदार आपली गाडी फळीवरून खाली उतरवत होता, एकटाच, घामाघूम. मी जाऊन मागचं कॅरियर धरलं.

"वायर सोडवून घेतो उद्या," तो पुटपुटला.

"नवा स्विच माझ्या दुकानात आहे," मी म्हणालो. "पण खाऱ्या वाऱ्याचं जे बोललास ना, ते अलिबागपर्यंत जाऊन परत घ्यायचं. त्याशिवाय देणार नाही."

तो हसला नाही. मीही नाही. अजून त्याने स्विच नेलेला नाही.