सगळ्यात उंच टोक

पहिली क्लिप उघडली तर भाऊ पडद्यावर नाक खाजवत होता. दुसरीत पाणी पीत होता. तिसरीत खुर्ची पुढे ओढून परत मागे ढकलत होता. कालच्या साडेतीन तासांतले हे म्हणे सगळ्यात रंगलेले क्षण! ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

धाकटा इंटरनेटवर लाइव्ह बुद्धिबळ खेळतो, आणि बघणारे बाजूच्या चॅटमध्ये आरडाओरडा करतात. लाइव्ह संपलं की त्यातले दहा-बारा झकास तुकडे कापायचं काम ताईचं. ऑफिसला जायच्या आधी, जेवणाच्या टेबलावर, दोन वर्षं झाली. साडेतीन तास डोळे फोडून कोण बघणार? म्हणून तिनं स्वतःची पद्धत बसवली होती. लाइव्ह संपल्या संपल्या चॅटची फाइल उतरवून घ्यायची, दर दहा सेकंदांत किती मेसेज आले ते मोजायचं आणि आलेख काढायचा. जिथं टोक उंच, तिथं काहीतरी घडलेलं. फक्त लोकांना चित्र दिसायला आणि मग टाइप करायला वेळ लागतो, म्हणून टोकापासून वीस-पंचवीस सेकंद मागे जायचं. बक्षिसाची सोडत असली की सगळे एकच शब्द ठोकत बसतात, ती टोकं सोडून द्यायची. पद्धत कधी चुकली नव्हती.

आणि आज चुकून चालणार नव्हतं. क्लिपांखाली आपलं नाव असावं, एवढंच ती वर्षभर मागत होती. भाऊ प्रत्येक वेळी "बघू गं" म्हणायचा. शेवटी परवा म्हणाला होता, "या आठवड्याच्या क्लिपा चालल्या तर टाकतो, बास?"

तो दात घासतच बाहेर आला आणि तिच्या खांद्यावरून डोकावला.

"हे काय? मी पाणी पितोय हे कोण बघणार? ताई, तुझं लक्ष नसतं हल्ली. यापेक्षा सॉफ्टवेअर बरं."

"तोंडातला फेस आधी टाकून ये," ती म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण भांडायला वेळ नव्हता.

तिनं आलेख पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. सहाव्या मिनिटाला एक जाडजूड टोक होतं. सगळे मेसेज एकच: आवाज येत नाही, आवाज कुठाय, माइक लाव. तक्रारीची क्लिप कशाला, म्हणून तिनं ते सोडलं होतं. आता तिनं व्हिडिओचं सहावं मिनिट लावलं. भाऊ खणखणीत आवाजात बोलत होता.

"व्हिडिओला हात लावलास का रे तू?"

"सुरुवात कापली फक्त. आवाजच नव्हता ना, घाण दिसत होतं."

"किती कापलीस?"

"अकरा मिनिटं असतील. त्यात काय?"

त्यात काय! चॅटच्या फाइलमधली वेळ मूळ सुरुवातीपासूनची आणि व्हिडिओ अकरा मिनिटं पुढे सरकलेला. दिवे हा लावणार आणि खापर हिच्या डोक्यावर फोडणार. सांगायला तोंड उघडलं असतं तर झिजलं असतं का? ती हे सगळं मनात म्हणाली नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाली. तो चूळ भरायला पळाला.

सगळ्या वेळांतून तिनं अकरा मिनिटं वजा केली. पहिल्या टोकावर वजीर फुकट गेला आणि भावानं डोकं धरलं. दुसऱ्यावर हरत आलेला डाव फिरला. प्रत्येक तुकडा जागच्या जागी बसला. राहिलं होतं सगळ्यात उंच टोक. तिनं ते हौसेनं शेवटी ठेवलं होतं.

कुणीतरी चॅटमध्ये विचारलं होतं, क्लिपा कोण काढतं, एक नंबर असतात. भाऊ कॅमेऱ्याकडे बघून हसला. "मीच. एकेक क्षण स्वतः निवडतो. तेवढी नजर असावी लागते त्याला." आणि खाली टाळ्या, बदाम, सलाम यांचा नुसता पूर आला होता.

ताईनं तो तुकडा पुन्हा पाहिला. डोळे भरून आले याचा तिला आणखीच राग आला. मग डोळे पुसून तिनं तोही कापला, प्रश्नाच्या पहिल्या शब्दापासून हसण्यापर्यंत, एक सेकंद इकडे नाही की तिकडे. सगळ्यात वर ठेवला आणि त्याला हाक मारली.

त्यानं उभ्या उभ्या पाहिलं. टॉवेल खांद्यावर तसाच राहिला.

"ही नको," तो हळूच म्हणाला. "दुसरी दे ना, ताई."

"दुसरी तू काढ," ती लॅपटॉप त्याच्याकडे सरकवत म्हणाली. "तूच काढतोस ना?"

आणि डबा उचलून ती ऑफिसला निघाली.