कोपऱ्यातली गुळगुळीत सळई

जुन्नरच्या नवाबभाईंकडे सळया बांधायला शिकलेल्या पोरांत हमदान सगळ्यात चलाख. राजुरीच्या मोहिनीबाईंनी आपल्या घराचं काम नवाबभाईंना न देता या हमदानला दिलं, तेव्हापासून नवाबभाईंना जेवण गोड लागत नव्हतं. हमदान रोज कामाचे फोटो स्टेटसला टाकी आणि नवाबभाई ते न चुकता बघत.

त्या दुपारी फोटो आला तो कॉलमच्या सांगाड्याचा. खाली लिहिलं होतं, ‘उद्या काँक्रीट.’ नवाबभाईंनी तो बोटांनी ताणून मोठा केला. सळयांवर तिरक्या वळ्या स्पष्ट होत्या. एकीवर वळ्यांच्या मधे कारखान्यातच उमटलेली नावाची आणि ग्रेडची अक्षरं दिसत होती. त्यांना वाईट वाटलं. काम चोख होतं.

मग कोपऱ्यातल्या सळईवर नजर गेली. अक्षरं नव्हती, पण त्याचं काही नाही, ती थोड्या थोड्या अंतरावर असतात, मागच्या बाजूलाही असू शकतात. त्यांनी कडा पाहिली. मागं मोकळं आभाळ होतं. बाकीच्या सळयांची कडा करवतीसारखी दातेरी, हिची मात्र सुतासारखी सरळ. सिमेंटचा राप बसून वळ्या बुजल्या असतील म्हणून वरचं कोरं टोकही पाहिलं. तिथंही गुळगुळीत.

“साधी सळई घातली की पठ्ठ्यानं!” नवाबभाई मोठ्यांदा हसले.

“मग फोन करा त्याला,” त्यांची बायको जन्नतबी म्हणाल्या.

“उद्या काँक्रीट पडू दे. मग सांगतो गावाला.”

“अन् त्या कॉलमखाली कोण ऱ्हाणार? मोहिनीबाईची लेकरंच ना?”

नवाबभाईंनी मोबाइल खिशात टाकला. साध्या सळईला काँक्रीट तसं घट्ट धरत नाही, हे त्यांनीच हमदानला शिकवलं होतं. त्यांनी गाडीला किक मारली. पण फोन मात्र केला नाही. त्याचा पडलेला चेहरा त्यांना समोर बघायचा होता.

राजुरीत मोहिनीबाई साइटवरच होत्या. त्यांच्यादेखत नवाबभाईंनी कोपऱ्यातल्या सळईवर बोट ठेवलं. “हमदान, नख फिरव हिच्यावरनं.”

हमदानचं नख कुठंच अडलं नाही. तो पांढराफटक पडला. “चाचा, जुन्या ढिगातली आली वाटतं. नजरचूक झाली.” एक शब्द न वाढवता त्यानं बांधणीच्या तारा सोडल्या, सळई ओढून काढली, तिच्या जागी वळ्यांची बांधली आणि बाकीच्या एकेक करून सगळ्यांसमोर तपासल्या.

नवाबभाई शाबासकीची वाट बघत उभे होते. मोहिनीबाई कौतुकानं हमदानकडं बघत म्हणाल्या, “चूक दाखवल्यावर असं लगेच मान्य करणारा माणूस लई कमी भेटतो, भाऊ. माझं काम योग्य हातात हाय.” मग नवाबभाईंकडं वळून, “चहा घेणार ना?”

“न्हाई,” नवाबभाई म्हणाले. घशाखाली उतरला नसता.