सोनबातात्यांची बादली

सोनबातात्या शेळगावहून मोटारसायकलवर येतात आणि बारामतीच्या आमच्या कॉलेजात पोरांचे पूल मोडतात. मी शिकवते, ते लॅब सांभाळतात. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल दोन टेबलांमध्ये ठेवायचा, मधोमध बादली टांगायची आणि मग तात्या मगानं वाळू ओतत राहतात. कुणी घाई केली की खेकसतात, "हळू! पुलाला बोलू द्या."

शंभूराजचा पूल अठरा किलोला मोडला, रश्मीचा बाराला. पोरांनी शंभूराजला खांद्यावर घेतलं.

"उतरवा त्याला," तात्या गरजले. "त्याचा पूल चारशे ग्रॅमचा हाय, निम्मा फेविकॉल! पोरीचा एकशेसाठचा. भागाकार करा की!"

भागाकार झाला. शंभूराजच्या पुलानं स्वतःच्या पंचेचाळीस पट वजन पेललं होतं, रश्मीच्या पुलानं पंचाहत्तर पट. तरी रश्मी रडवेलीच. तात्यांनी तिचे तुकडे चाचपले. "सांधा एकबी सुटला न्हाय. वरच्या लांब काड्या बाजूला वाकून मोडल्या. त्यांना मधी आडवी काडी दे."

पुढच्या आठवड्यात नवा पूल आला, फक्त दहा ग्रॅम जड. बादली शिगोशीग भरली, तरी पूल गप्प. तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आपला जेवणाचा भरलेला डबा वाळूवर ठेवला.

काड्‌कन आवाज झाला. वाळू, भाकरी, पिठलं सगळं फरशीवर.

सगळ्यांच्या आधी तात्याच नाचत ओरडले, "बादली उचला, तोला! पिठलंबी भरून घ्या रं, ते पोरीच्या वजनात हाय!"